गणवेशातल्या मुलाचे एआय-चित्र: पाठवण्यापूर्वी काय तपासावे

शाळेच्या पहिल्या दिवशी काढलेला फोटो एआयच्या साधनाला द्यायचा, त्याचे गोष्टीच्या पुस्तकात शोभेल असे चित्र करून घ्यायचे आणि ते आप्तेष्टांना दाखवायचे, हे आता दोन-तीन मिनिटांत होते. फोटोऐवजी चित्र दाखवले की मुलाची ओळख आपोआप झाकली जाते, असा अनेक पालकांचा समज असतो. त्यामुळे जो फोटो त्यांनी एरवी चार घरांपलीकडे जाऊ दिला नसता, त्याचेच चित्र ते निर्धास्तपणे सगळ्यांपुढे ठेवतात. हा समज पुरता खरा नाही. चित्रात त्वचेचा पोत आणि प्रकाश बदलतो, पण चेहऱ्याची ठेवण, चष्मा, केसांचा भांग, गणवेशाचा रंग, बिल्ल्याचा आकार आणि मागची इमारत यांतले बरेच काही जसेच्या तसे उतरते, कारण मूळ फोटोशी साम्य राखावे यासाठीच तर आपण ते साधन वापरतो.

मुलांच्या चित्रांचे प्रकार पुष्कळ आहेत. या लेखात मात्र मी एकच प्रकार घेतला आहे: गणवेशातल्या मुलाचा फोटो आणि त्यापासून बनवलेले चित्र. तो निवडण्याचे कारण असे की, त्यात चेहरा आणि शाळा एकत्र येतात. चेहऱ्यावरून मूल कोणते ते कळते आणि शाळेवरून ते मूल आठवड्यातले बहुतेक दिवस, ठरावीक वेळी, कोणत्या दारातून बाहेर पडते ते कळते. त्यात नाव आणि इयत्ता यांची भर पडली की अनोळखी माणसाला मुलाशी ओळख असल्याचा बहाणा करणे सोपे जाते. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे एकच नियम आहे: चित्रात चेहरा ओळखू येत असेल तर शाळा ओळखू येता कामा नये, आणि शाळा ओळखू येत असेल तर चेहरा. दोन्ही गोष्टी कधीही एकाच ठिकाणी ठेवू नयेत.

ही भीती कल्पनेतली नाही. 2024 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने एआयला चित्रे शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लायन-5बी या प्रचंड संचाचा अगदी लहानसा अंश तपासला, तेव्हा त्यात ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे 190 फोटो सापडले. त्यांतल्या एका फोटोत तीन आणि चार वर्षांची दोन मुले एका रंगीत भित्तिचित्रापुढे हसत उभी होती, आणि फोटोसोबतच्या मजकुरात दोघांची पूर्ण नावे, वये आणि त्यांच्या बालवाडीचे नाव होते. मुलांची ओळख त्या फोटोपेक्षा त्याखालच्या ओळीनेच अधिक उघड केली होती.

पहिली पायरी: चित्र दोनदा बाहेर जाते हे लक्षात घ्या

पालक दक्षता घेतात ती साधारणपणे शेवटचे चित्र पाठवताना. पण मुलाचा चेहरा घराबाहेर पडतो तो त्याआधीच, मूळ फोटो साधनाला दिला त्या क्षणी. त्या फोटोत सगळेच असते, आणि नंतर चित्रातून बिल्ला काढून टाकला तरी साधनाकडे गेलेल्या मूळ प्रतीतला बिल्ला तिथेच राहतो.

म्हणून साधन निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. दिलेले फोटो पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरले जातात का, आणि तसे असल्यास तो पर्याय सेटिंगमधून बंद करता येतो का, हे प्रथम पाहावे. दुसरे म्हणजे, तयार झालेले चित्र आपोआप सार्वजनिक दालनात लागते का. काही साधनांत, विशेषतः त्यांच्या फुकट किंवा स्वस्त योजनांत, प्रत्येक चित्र इतर वापरकर्त्यांना दिसते, आणि चित्रासोबत आपण लिहिलेली सूचनाही दिसते. तिसरे म्हणजे, दिलेला फोटो आणि इतिहास नंतर स्वतः डिलीट करता येतो का. या तीन प्रश्नांची उत्तरे साधनाच्या गोपनीयता धोरणात किंवा सेटिंगमध्ये दहा मिनिटांत सापडत नसतील, तर त्या साधनाला मुलाचा फोटो देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ मुलांचे चेहरे सजवण्यासाठी निघालेल्या आणि मागे कोण आहे याचा पत्ता नसलेल्या ॲपच्या बाबतीत तर विचार करत बसण्याचेही कारण नाही.

याहून चांगला मार्ग म्हणजे फोटो मुळीच न देता शब्दांत वर्णन करून चित्र बनवून घेणे. आनंदाचा प्रसंग सांगायला मुलाचा खरा चेहरा लागतोच असे नाही. उदाहरणार्थ, अशी सूचना पुरते:

```
सहा-सात वर्षांची मुलगी पाठमोरी उभी आहे, पाठीवर लाल
दप्तर, साधा निळा फ्रॉक, बिल्ला किंवा अक्षरे नाहीत,
मागे फक्त सकाळचे आकाश, जलरंगातले चित्र
```

या सूचनेत मुलीचे नाव, शाळेचे नाव आणि गाव यांपैकी काहीच नाही, आणि ते मुद्दामच वगळले आहे. नाव लिहिल्याने चित्र सुधारत नाही, पण सूचना जिथे साठवली जाते तिथे ते नाव राहून जाते. ती सूचना कुठवर जाऊ शकते, हे पुढे फाइलच्या पायरीत येईल.

दुसरी पायरी: फोटो द्यायचाच असेल तर आधी प्रत तयार करा

आजी-आजोबांना नातीचाच चेहरा चित्रात हवा असतो, आणि ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी मूळ फोटोला हात न लावता त्याची प्रत करावी आणि शाळेशी संबंधित सर्व काही त्या प्रतीतून काढावे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे फोटो कापणे. खांद्याच्या थोडे वर कापले की बिल्ला, टाय, गळ्यातले ओळखपत्र आणि दप्तर एकदमच जातात. मागची भिंत किंवा फाटक उरले तर तेवढा भाग झाकावा.

झाकण्यासाठी पूर्ण अपारदर्शक, एकरंगी चौकोनच वापरावा, आणि या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. धूसर करणे, चौकटी-चौकटी करणे किंवा भोवऱ्यासारखे फिरवणे म्हणजे माहिती पुसणे नव्हे. ती फक्त विस्कटलेली असते. 2007 मध्ये इंटरपोलने एका फरारी गुन्हेगाराचा असाच भोवऱ्यासारखा फिरवलेला चेहरा तज्ज्ञांकडून पूर्ववत करून घेऊन प्रसिद्ध केला आणि काही दिवसांतच तो पकडला गेला. तिथे ते तंत्र न्यायाच्या कामी आले, पण फिरवलेला चेहरा उलटा फिरवता येतो हे त्यातून दिसले. धूसर केलेल्या अक्षरांच्या बाबतीत धोका आणखी साधा आहे. अक्षरे परत मिळवावीच लागत नाहीत. एखाद्या भागातल्या शाळा मोजक्या असतात, म्हणून धूसर डागाचा रंग, आकार आणि लांबी त्यांच्या बिल्ल्यांशी ताडून पाहिली तरी उत्तर मिळते.

फोनमधल्या चित्रकामाच्या पेनने खाडाखोड करतानाही काळजी घ्यावी. हायलायटरसारखा रंग पुन्हा पुन्हा फिरवून काळा दिसू लागला, तरी तो अर्धपारदर्शक असतो, आणि चित्राचा उजेड वाढवला की खालची अक्षरे वर येऊ शकतात. म्हणून पेनाऐवजी भरीव चौकोन निवडावा.

झाकून आणि कापून झाल्यावर ते नव्या फाइलमध्ये उतरवणे आवश्यक आहे. अनेक फोनांत केलेला बदल मूळ फोटोवर केवळ थर म्हणून राहतो आणि "पूर्ववत करा" म्हटले की सगळे परत येते. फोटो कशा मार्गाने पाठवला यावर मूळ प्रत सोबत जाते की नाही ते ठरते. हलत्या फोटोंमध्ये तर शटर दाबण्याच्या आसपासचे काही क्षण चित्रफितीच्या रूपात साठवलेले असतात, आणि झाकलेला बिल्ला त्या क्षणांत उघडा असतो. म्हणून प्रत एकदा साध्या स्थिर जेपीजी फाइलमध्ये निर्यात करावी, किंवा पूर्ण पडद्यावर उघडून तिचा स्क्रीनशॉट घ्यावा. मात्र स्क्रीनशॉट घेतल्यानंतर तो पुन्हा कापत बसू नये. 2023 मध्ये असे उघडकीस आले की, गूगलच्या पिक्सेल फोनांतल्या आणि विंडोजमधल्या स्क्रीनशॉट कापण्याच्या साधनांत दोष होता आणि कापून टाकलेल्या भागाची माहिती फाइलच्या शेवटी तशीच उरत होती. तो दोष दुरुस्त करण्यात आला, पण आधी पाठवलेली चित्रे दुरुस्त होऊ शकली नाहीत. आधी कापावे आणि मग नवी प्रत घ्यावी, हा क्रम म्हणून महत्त्वाचा.

तिसरी पायरी: तयार चित्र मोठे करून पाहा

माझ्या धाकट्या भावाने त्याच्या सात वर्षांच्या मुलीचे असेच चित्र करून घेतले होते आणि पाठवण्यापूर्वी मला दाखवले. फोटो शाळेच्या बससमोर काढलेला होता. बिल्ल्यावरची अक्षरे साधनाने वेडीवाकडी काढली होती, ती कोणालाच वाचता आली नसती, म्हणून त्याला ते चित्र सुरक्षित वाटत होते.

"ताई, बघ, शाळेचं नाव कुठेच दिसत नाही," तो म्हणाला.

आम्ही ते चित्र संगणकाच्या पडद्यावर दुप्पट मोठे केले आणि डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत पट्ट्या-पट्ट्यांनी पाहत गेलो. बिल्ल्यातली अक्षरे गेली होती, पण ढालीचा आकार आणि तिच्यातला पिवळा सूर्य तसाच होता. टायवर दोन पांढरे पट्टे आणि एक हिरवा पट्टा होता, आणि तो त्या शाळेचाच होता. बसच्या काचेवर मार्गाचा क्रमांक साधनाने आश्चर्य वाटावे इतका स्वच्छ काढला होता. दप्तराला लटकवलेल्या बिल्ल्यावर मुलीच्या नावाचे पहिले अक्षर आणि तिच्या तुकडीचे अक्षर होते. आणि बसच्या चकचकीत पत्र्यात, मूळ फोटोतल्याप्रमाणेच, शाळेच्या फाटकाची कमान उलटी दिसत होती. ती कमान माझ्या भावाला त्या दिवशी पहिल्यांदाच दिसली.

या उदाहरणातून तपासणीची रीत कळते. मुलाकडे पाहू नये, मुलाभोवतीच्या वस्तूंकडे पाहावे. छातीवरचा बिल्ला, टाय आणि पट्टा, ओळखपत्र आणि त्याची दोरी, दप्तर, डबा आणि पाण्याची बाटली यांवरच्या चिठ्ठ्या, वहीचे वेष्टन, मागच्या पाट्या, वाहनांचे क्रमांक, आणि शेवटी काच, पाणी, चष्मा यांतली प्रतिबिंबे, अशा क्रमाने नजर फिरवली तर सहसा काही सुटत नाही. मजकूर वाचता येतो का, एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. त्या शाळेत जाणारे दुसरे मूल हे चित्र पाहून "ही आमची शाळा" असे म्हणेल का, असा प्रश्न विचारावा.

जुनी साधने अक्षरांचा विचका करत असत आणि पालक त्याच सवयीवर विसंबून असतात. नवी साधने अक्षरे पुष्कळदा बरोबर काढतात, आणि कधी कधी आपण अर्धवट झाकलेला शब्द संदर्भावरून पूर्णही करतात. म्हणून झाकलेला फोटो दिला होता, एवढ्यावर निश्चिंत न राहता बाहेर आलेले प्रत्येक चित्र नव्याने तपासावे.

भावाच्या चित्रात आम्ही तुकड्या-तुकड्यांनी दुरुस्ती करत बसलो नाही. असे करताना एक जागा पुसली की साधन दुसरीकडे काहीतरी नवे भरते आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. त्याऐवजी मूळ फोटो खांद्यापासून वर कापला, मागचे सर्व एका रंगाने झाकले, आणि पार्श्वभूमीत फक्त झाडे असावीत अशी सूचना देऊन नवे चित्र करून घेतले.

चौथी पायरी: चेहरा किती ओळखू येतो ते माणसाला विचारा

यंत्राला चेहरा जुळवता येईल की नाही, याची पालकांना चिंता असते. पण मुलाच्या बाबतीत अधिक निकटचा धोका आसपासच्या माणसांचा असतो. ज्यांनी मुलाला दुरून पाहिलेले आहे, त्यांना चित्रातून नाव आणि नातेवाईक कळतात. याची चाचणी सोपी आहे. मुलाला ओळखणाऱ्या, पण हे चित्र न पाहिलेल्या एका व्यक्तीला ते काहीही न सांगता दाखवावे आणि "हे कोण?" असे विचारावे. तिने चटकन नाव घेतले, तर चित्राला फोटोइतकेच जपावे. ती अडखळली, तर काही प्रमाणात ओळख झाकली गेली आहे असे मानावे. तरीही गालावरचा तीळ, पडलेला दात, जाड भिंगांचा चष्मा, कानातले यंत्र किंवा जन्मखूण यांसारखी एखादी ठळक खूण चित्रात उरलेली असेल, तर तीच ओळख पटवून देते.

चित्रशैलीनेही फरक पडतो. जलरंग किंवा कागद कापून केल्यासारखी सपाट शैली चेहऱ्याचे बारकावे गाळते. फोटोसारखी वाटणारी शैली मात्र ते बारकावे राखते आणि वर त्यांना अधिक स्वच्छ करते. समोरून काढलेला, चांगल्या उजेडातला, फोटोसारखा चेहरा हा इतरांना गैरवापरासाठी सर्वांत सोयीचा कच्चा माल असतो. एका स्पष्ट फोटोवरून मुलाचे खोटे आणि अश्लील चित्रही बनवता येते, हे बोलायला कठीण असले तरी पालकांना ठाऊक असलेच पाहिजे. म्हणून सार्वजनिक ठिकाणी ठेवायच्या चित्रात पाठमोरा किंवा खाली वळलेला चेहरा, अथवा केवळ हात आणि दप्तर, एवढेच असावे, असा माझा आग्रह राहील.

चित्रात इतर मुले असतील तर प्रश्न आणखी वेगळा होतो. त्यांच्या पालकांनी फोटो काढू दिला, याचा अर्थ तो एआयच्या साधनाला देण्यास संमती दिली असा होत नाही. विचारणे शक्य नसेल तर ती मुले कापून टाकावीत. साधनाकडून त्यांचे चेहरे "बदलून" घ्यायचे म्हटले, तरी आधी ते त्याला द्यावे लागतात.

आपल्या मुलालाही विचारावे. सहा वर्षांच्या मुलाला इंटरनेट समजत नाही, पण "हे चित्र कोणाकोणाला दाखवू?" हा प्रश्न नीट समजतो, आणि ते नको म्हणाले तर चित्र पाठवू नये.

पाचवी पायरी: फाइलच्या पोटात काय आहे ते पाहा

फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राखेरीज तारीख, वेळ, फोनचे मॉडेल आणि स्थान चालू असल्यास अक्षांश-रेखांशही नोंदलेले असतात. शाळेच्या दारात काढलेला फोटो असेल तर ते आकडे नकाशावर टाकताच शाळा सापडते, मग चित्रातला बिल्ला झाकलेला असो वा नसो. एआयने बनवलेल्या नव्या चित्रात हे आकडे सहसा येत नाहीत, पण केवळ रंग बदललेल्या किंवा कापलेल्या फोटोत ते टिकून राहतात.

बनवलेल्या चित्रात दुसरेच काही असू शकते. स्वतःच्या संगणकावर चालवल्या जाणाऱ्या, स्टेबल डिफ्यूजन या चित्रे बनवणाऱ्या एआय-मॉडेलच्या काही लोकप्रिय साधनांत आपण लिहिलेली संपूर्ण सूचना पीएनजी फाइलमध्येच मजकूर म्हणून साठवली जाते. सूचनेत मुलीचे नाव आणि शाळा लिहिली असेल, तर चित्रात न दिसणारी ती नावे फाइलसोबत प्रवास करतात. सूचनेत नाव लिहू नये, असे वर म्हटले ते यासाठीही.

संगणकावर हे सर्व पाहण्यासाठी exiftool नावाचे मोफत साधन आहे. पहिली आज्ञा सगळी माहिती दाखवते आणि दुसरी ती काढून टाकते:

```
exiftool chitra.png
exiftool -all= chitra.png
```

दुसऱ्या आज्ञेनंतर त्याच जागी chitra.png_original नावाची फाइल तयार होते. ती काढण्यापूर्वीची, सर्व माहिती असलेली मूळ फाइल असते, आणि संपूर्ण फोल्डर पाठवला तर तीही जाते. मग पहिली आज्ञा पुन्हा देऊन स्थान आणि मजकूर खरोखर गेले आहेत याची खात्री करावी. ज्यांना आज्ञा टाइप करायच्या नसतील, त्यांना विंडोजमध्ये फाइलच्या गुणधर्मांच्या खिडकीतून वैयक्तिक माहिती काढण्याचा पर्याय मिळतो, आणि आयफोनवर फोटो शेअर करताना वरच्या पर्यायांतून स्थान बंद करता येते.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीप्रमाणे फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती निघून जाते. दर्जा टिकावा म्हणून तोच "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला तर माहितीसह, फाइलच्या नावासह जातो. फाइलचे नावही म्हणून पाहावे. भावाने आपल्या चित्राच्या फाइलला मुलीचे नाव, इयत्ता आणि शाळेचे संक्षिप्त नाव दिले होते. घरच्या संग्रहासाठी ते अगदी योग्य नाव होते, पण पाठवायच्या प्रतीसाठी नव्हते.

सगळी माहिती काढताना चित्र एआयने बनवले आहे हे सांगणारी खूणही काही फाइलींतून निघून जाते. ती लपवणे हा आपला हेतू नाही. म्हणून चित्राखालच्या मजकुरात "हे फोटोवरून एआयने बनवलेले चित्र आहे" असे साध्या शब्दांत लिहावे.

सहावी पायरी: मजकूर, वेळ आणि माणसे

चित्रातून शाळा पुसण्यासाठी तासभर घालवावा आणि खाली "आमची बाळी आज दुसरी ब मध्ये!" असे लिहून शाळेला टॅग करावे, हे मी अनेकदा पाहिले आहे. मजकुरात शाळेचे नाव, इयत्ता-तुकडी, शिक्षिकेचे नाव, बसचा क्रमांक, सुटण्याची वेळ आणि पूर्ण जन्मतारीख लिहू नये. "नवे वर्ष सुरू झाले" एवढे पुरते. चित्र त्याच क्षणी टाकण्याऐवजी काही दिवसांनी टाकले तर मूल आत्ता कुठे आहे हेही त्यातून कळत नाही.

चित्र कोण पाहणार, हे टाकण्यापूर्वी ठरवावे. घरातल्या माणसांचा छोटा गट सर्वांत बरा, पण त्यातही कोण कोण आहे ते एकदा मोजावे. जुन्या गटांत सोडून गेलेले शेजारी आणि विसरलेले क्रमांक असतात. क्लाउडवरच्या अल्बमचा दुवा "ज्याच्याकडे दुवा आहे त्याला दिसेल" अशा पद्धतीचा असेल, तर तो फॉरवर्ड होताच अल्बम सार्वजनिक झाल्यासारखाच असतो. प्रोफाइलवरचे चित्र बहुतेक ठिकाणी मित्रयादीबाहेरच्यांनाही दिसते, म्हणून मुलाचे ओळखू येणारे चित्र तिथे लावू नये.

भावाने नवे चित्र केले, फाइलचे नाव बदलले आणि ते आपल्या मित्रयादीपुरते टाकले. तासाभरात आमच्या आत्यांनी अत्यंत प्रेमाने खाली लिहिले की, अखेर त्याच शाळेत प्रवेश मिळाला हे किती बरे झाले, आणि पुढे शाळेचे पूर्ण नाव. त्यांची चूक म्हणवत नाही, कारण त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. भावाने ती टिप्पणी काढली आणि त्यांना फोन केला.

"आत्या, तुमची कमेंट मी काढली, राग मानू नका. शाळेचं नाव बाहेर दिसू नये म्हणून आम्ही जपतोय."

"अरे, मला आधीच सांगायचंस की!" त्या म्हणाल्या.

तेव्हापासून तो चित्रासोबतच एक ओळ लिहितो: "कृपया शाळेचे नाव लिहू नये आणि चित्र पुढे पाठवू नये." ज्येष्ठांना ही विनंती आधी केली तर अवघडलेपण येत नाही.

चित्र चुकून गेलेच तर

आधी चित्राचा, त्याखालच्या मजकुराचा आणि टिप्पण्यांचा स्क्रीनशॉट आणि दुवा तारखेसह जपून ठेवावा, आणि मगच ते काढावे. पुढे तक्रार करावी लागली तर पुरावा लागतो. संदेशांच्या ॲपमध्ये "सर्वांसाठी डिलीट" ठरावीक मुदतीतच करता येते आणि कोणी आधीच उतरवून घेतलेली प्रत त्याने जात नाही, म्हणून गटातल्या माणसांना स्पष्ट शब्दांत ती प्रत काढण्याची विनंती करावी. साधनाच्या खात्यात जाऊन दिलेला मूळ फोटो, तयार चित्रे आणि कोणाला दिलेला दुवा असल्यास तोही काढावा.

चित्र दुसऱ्याच कोणाच्या खात्यावर दिसले तर त्या मंचाकडे "अल्पवयीन व्यक्तीचे चित्र" या कारणाखाली तक्रार करावी. गूगलच्या शोधात ते दिसत असेल, तर अठरा वर्षांखालील मुलाचे चित्र शोधनिकालांतून काढण्याची विनंती पालक करू शकतात. ही सोय 2021 पासून आहे. मूळ संकेतस्थळावरून ते वेगळे काढावे लागते. चित्र कुठे पसरले ते शोधण्यासाठी मुलाचा पूर्ण चेहरा पुन्हा चार अनोळखी शोधसाधनांना देऊ नये. ओळखता येईल एवढा पार्श्वभूमीचा किंवा दप्तराचा तुकडा देऊन पुष्कळदा काम होते.

मुलाच्या चेहऱ्याचा वापर करून कोणी नग्न किंवा लैंगिक चित्र बनवले असेल, तर ते कोणालाही, मदतीसाठीसुद्धा, फॉरवर्ड करू नये, आणि त्याची प्रतही काढून ठेवू नये. वर सांगितलेला स्क्रीनशॉटचा नियम इथे लागू नाही. केवळ दुवा, खात्याचे नाव, तारीख आणि वेळ लिहून घ्यावी. पोलिसांकडे तत्काळ तक्रार करावी. ते चित्र आपल्या फोनवर किंवा संगणकावर आधीच आलेले असेल, तर त्यासोबत अमेरिकेतल्या एनसीएमईसी या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची Take It Down ही मोफत सेवा वापरता येते. ती चित्र मागत नाही. चित्राचा अंकात्मक ठसा, म्हणजे त्यावरून काढलेली अंक-अक्षरांची ओळखखूण, आपल्याच फोनवर किंवा संगणकावर तयार होतो, तेवढाच ठसा सहभागी मंचांना दिला जातो, आणि त्यांच्या सार्वजनिक भागात तेच चित्र आढळले तर ते काढले जाऊ शकते. चित्र थोडे बदलले तर ठसा जुळेलच असे नाही, आणि कूटबद्ध खासगी संदेशांपर्यंत ही सेवा पोचत नाही. त्यामुळे एकाच चित्राच्या वेगवेगळ्या प्रती आपल्याकडे आलेल्या असतील, तर प्रत्येकीचा ठसा स्वतंत्रपणे द्यावा आणि पोलिसांकडच्या तक्रारीत त्या प्रत्येकीचा दुवा नोंदवावा.